एकच बिल, दोन नोंदी : महिनाअखेरच्या रात्रीचा शोध

महिन्याची पुस्तके बंद करताना अनेक प्रकारच्या चुका सापडतात. कुठे रक्कम चुकीची लिहिलेली असते, कुठे खाते चुकलेले असते, कुठे बँकेतली एखादी नोंद राहून गेलेली असते. या सगळ्यांत पुरवठादाराच्या एकाच बिलाची दोनदा झालेली नोंद वेगळी पडते, कारण ती कुठलाच बिघाड दाखवत नाही. तेरीज जुळते, पुरवठादाराचे खाते नीटनेटके दिसते, कराचा हिशेबही बरोबर वाटतो. त्यामुळे ३१ तारखेच्या रात्री बसलेल्या लेखापालाला ती मुद्दाम शोधावी लागते, आणि शोधायची म्हटले तर कुठून सुरुवात करायची हा पहिला प्रश्न असतो.

या लेखात त्या प्रश्नाचा आढावा घेतला आहे. बिल दुबार कसे चढते, हिशेबपद्धती ते का पकडत नाही, शोधाच्या कोणत्या वाटा आहेत, त्यांतली प्रत्येक कुठे कमी पडते आणि सापडल्यावर नोंद कशी सुधारायची, हे एका रात्रपाळीच्या लेखापालाच्या गोष्टीतून पाहू. गोष्ट रचलेली आहे आणि आकडे सोपे ठेवले आहेत. मात्र तिच्यातला प्रत्येक टप्पा कारखान्यांच्या लेखा विभागांत रोज घडणारा आहे.

तेरीज जुळूनही चूक राहते

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे आणि दुसऱ्याला जमा होतो. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की तेरीज जुळली. एखाद्याने नुसती नावे बाजू लिहिली आणि जमा बाजू विसरला, तर तेरीज लगेच फरक दाखवते. दुबार बिलात असे काही घडत नाही. संपूर्ण नोंदच पुन्हा झालेली असते, म्हणजे नावेही दोनदा आणि जमाही दोनदा. दोन्ही बाजू सारख्याच वाढतात आणि तेरीज जुळलेलीच राहते. नोंद गणिताने बरोबर आहे एवढेच तेरीज सांगते. त्या नोंदीमागे खरा व्यवहार झाला होता का, हे तिला माहीत नसते.

ही अडचण जुनीच आहे. लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत समजावून सांगितली, तेव्हाच त्याने यावर उपाय दिला होता. कच्च्या वहीतली नोंद रोजकीर्दीत उतरवली की ती रेघ मारून रद्द करायची. रोजकीर्दीतून खतावणीत नेताना नावे बाजू चढवली की एक रेघ आणि जमा बाजू चढवली की दुसरी रेघ मारायची. त्यामुळे आधी चढवलेली नोंद पुन्हा चढवायला कुणी बसले, तर रेघ समोर दिसे. आपल्याकडे कागदी बिलांच्या काळात हेच काम ‘नोंद झाली’ या शिक्क्याने केले. बिलावर शिक्का, खाली तारीख आणि सही. शिक्का असलेले बिल दुसऱ्यांदा कुणी चढवत नसे.

आज तेच बिल पीडीएफ होऊन येते. एकाच फाइलच्या कितीही प्रती निघतात आणि एका प्रतीवर केलेली खूण दुसऱ्या प्रतीवर उमटत नाही. शिक्क्याचे काम आता संगणकातल्या कुठल्यातरी तपासणीने करायला हवे. ती तपासणी नेमकी कशावर उभी करायची, यावरच सारे अवलंबून आहे.

बिल दुबार येते कुठून

दुबार नोंद म्हटले की निष्काळजीपणा डोळ्यांसमोर येतो. पण एकच बिल कारखान्यात दोन वाटांनी येण्याची सोय मुळात नियमांतच आहे. जीएसटी नियमांप्रमाणे मालाचे बिल तीन प्रतींत करायचे असते. मूळ प्रत खरेदीदारासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी आणि तिसरी पुरवठादाराच्या स्वतःच्या दप्तरासाठी. वाहतूकदाराची प्रत ट्रकबरोबर फाटकावर येते, तिथून स्टोअरमध्ये जाते आणि माल मोजून घेतला की जीआरएनला, म्हणजे मालाच्या आवकपावतीला, जोडून लेखा विभागाकडे येते. मूळ प्रत दोन-तीन दिवसांनी कुरिअरने किंवा ई-मेलने थेट लेखा विभागात पोहोचते. दोन्ही कागद खरे आणि दोन्ही वाटा कायदेशीर. ते दोन वेगळ्या माणसांच्या टेबलावर पडले की दुबार नोंदीची पूर्वतयारी झालीच.

त्यात बिल क्रमांकाची भर पडते. नियमानुसार हा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत असावा, अनुक्रमाने असावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरला जाऊ नये. त्यात अक्षरे, अंक, तिरकी रेघ आणि आडवी रेघ चालते. पुरवठादार म्हणून SE/25-26/1047 असा क्रमांक देतो. एक लेखनिक तो तसाच लिहितो, दुसरा घाईत 1047 एवढेच लिहितो. माणसाच्या डोळ्याला ते एकच बिल आहे, संगणकाला दोन वेगळी बिले.

बाकीची कारणे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. पैसे मिळाले नाहीत म्हणून पुरवठादार स्मरणपत्रासोबत बिल पुन्हा पाठवतो आणि ते नवे समजून चढते. एकाच पुरवठादाराची दोन खाती उघडलेली असतात, एक ‘अँड सन्स’ लिहून आणि एक न लिहिता. खरेदीची मागणी करणारा विभाग आणि लेखा विभाग दोघेही बिल चढवू शकतात. आणि क्वचित कुणीतरी जाणूनबुजून जुनेच बिल क्रमांकात किरकोळ बदल करून पुन्हा सादर करते. शेवटच्या प्रकाराचा तपास वेगळा असतो. पण शोधण्याची पहिली पायरी सगळ्यांसाठी एकच आहे.

भोसरीतली एक रात्र

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग कातणारा एक कारखाना धरू. तीन पाळ्या चालतात, माल रात्रीही उतरतो. ऑक्टोबरची ३१ तारीख. रात्रपाळीच्या लेखापालाला सकाळी सहाच्या आत खरेदीची पुस्तके बंद करायची आहेत, कारण त्यावरून महिन्याचा नफा-तोटा काढून मालकांपुढे ठेवायचा आहे.

रात्री दहा वाजता तो पहिली तुलना करतो ती साठ्याची. पोलादी सळ्यांचा पुस्तकी साठा आणि स्टोअरने मोजलेला साठा किलोकिलोने जुळतो. यामुळे तो निश्चिंत होऊ शकला असता. पण त्यानंतर तो मोठे देणे असलेल्या पुरवठादारांनी पाठवलेली खातेउतार पत्रके काढतो. सळ्यांचा पुरवठादार म्हणतो की त्याचे येणे ६,३१,२०० रुपये आहे. कारखान्याच्या पुस्तकात त्याचे देणे ९,१४,४०० रुपये दिसते. फरक २,८३,२०० रुपयांचा.

अशा वेळी आधी फरकाची दिशा पाहावी. पुरवठादाराचा आकडा मोठा असता, तर कारणे बहुधा साधी असतात. त्याने बिल केले पण माल वाटेत आहे, किंवा आपण पैसे पाठवले पण त्याच्याकडे अजून नोंद झालेली नाही. इथे आपला आकडा मोठा आहे. आपण त्याला जितके देणे लागतो असे लिहिले आहे, तितके तो मागतच नाही. याची कारणे मोजकीच उरतात. आपण दिलेले पैसे आपल्याच पुस्तकात चढलेले नाहीत, त्याने दिलेली क्रेडिट नोट आपण घेतलेली नाही, किंवा आपण त्याचे बिल जास्त चढवले आहे. लेखापाल बँकेचे विवरण उघडतो. पुस्तकात न चढलेला एकही भरणा या पुरवठादाराच्या नावे नाही. पुरवठादाराच्या पत्रकात क्रेडिट नोटही नाही. म्हणजे शोध खरेदीच्या नोंदींत करायचा.

खरेदीची यादी तो एक्सेलमध्ये काढतो. पहिल्यांदा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि तारीख या तिन्हींवर तुलना लावून पाहतो. हाती काहीच लागत नाही. मग तो अटी कमी करतो. ब स्तंभात पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि ई स्तंभात बिलाची एकूण रक्कम असेल, तर सूत्र एवढेच:

```
=COUNTIFS($B:$B,B2,$E:$E,E2)
```

उत्तर एकपेक्षा जास्त आले की त्या पुरवठादाराची तेवढ्याच रकमेची आणखी नोंद आहे. आता यादीत काही ओळी वर येतात. एका वाहतूकदाराची सारख्या रकमेची दोन बिले आहेत. त्यांच्या लॉरी पावत्या तपासल्या तर दोन वेगळे क्रमांक, दोन वेगळ्या फेऱ्या. ती दोन्ही खरी. आणि सळ्यांच्या पुरवठादाराच्या तर तीन नोंदी सारख्या रकमेच्या निघतात:

१४ ऑक्टोबर, बिल SE/25-26/1047, रक्कम २,८३,२०० रुपये.
१७ ऑक्टोबर, बिल 1047, रक्कम २,८३,२०० रुपये.
२८ ऑक्टोबर, बिल SE/25-26/1102, रक्कम २,८३,२०० रुपये.

सारखी रक्कम येणे इथे स्वाभाविकच आहे. पुरवठादार दर खेपेला चार टन सळ्या पाठवतो. ६० रुपये किलोने ४,००० किलोचे २,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के कर ४३,२०० रुपये. म्हणून केवळ रक्कम सारखी आहे एवढ्यावरून कुठलीही नोंद उलटवणे धोक्याचे असते. घाईत खरेच बिल रद्द झाले, तर पुरवठादाराचे पैसे अडकतात आणि पुढच्या महिन्यात उलट फरक काढत बसावे लागते.

पुरवठादाराच्या पत्रकात ऑक्टोबरची दोनच बिले आहेत, ती दोन्ही मिळून ५,६६,४०० रुपये, आणि आधीचे ६४,८०० रुपये बाकी. बेरीज ६,३१,२००. म्हणजे तिघांतली एक नोंद जास्तीची. क्रमांक पाहता मधलीवर संशय जातो, पण संशय हा पुरावा नव्हे. तो स्टोअरला फोन लावतो.

‘काका, सळ्यावाल्यांची गाडी या महिन्यात किती वेळा उतरली?’

‘थांबा भाऊ, फाटकाची वही काढतो.’ थोड्या वेळाने उत्तर येते. ‘दोनदा. चौदाला आणि अठ्ठावीसला. दोन्ही वेळा चार टन.’

‘सतराला काही?’

‘सतराला त्यांची गाडी नाही. त्या दिवशी त्यांचं कुरिअर आलंय, पाकीट. ते तुमच्याकडेच पाठवलं होतं.’

आता कागद बोलू लागतात. चौदा तारखेच्या नोंदीला जीआरएन जोडलेले आहे आणि सोबतच्या बिलावर वाहतूकदाराच्या प्रतीचा छाप आहे. सतरा तारखेच्या नोंदीला जीआरएन नाही. सोबत त्याच बिलाची मूळ प्रत आहे, तिच्यावर क्रमांक पूर्ण छापलेला आहे आणि बिलाची तारीख १४ ऑक्टोबर आहे. दिवसपाळीतल्या कुणीतरी क्रमांक अर्धा लिहिला आणि बिलाच्या तारखेच्या जागी पाकीट मिळाल्याची तारीख घातली. दोन्ही प्रतींवर गाडीचा क्रमांकही एकच आहे. शोध इथे संपतो.

साठा जुळला, मग नफा का बिघडला असता

आता सुरुवातीच्या त्या जुळलेल्या साठ्याकडे परत जायला हवे, कारण तिथे बरेच लोक फसतात. दुसरी नोंद करणाऱ्याने सळ्या साठ्यात घेतल्या नव्हत्या. जीआरएन नसल्यामुळे त्याने ती रक्कम थेट उत्पादन साहित्याच्या खर्च खात्याला नावे टाकली. म्हणून साठ्यावर काहीच परिणाम झाला नाही आणि ऑक्टोबरचा खर्च मात्र २,४०,००० रुपयांनी वाढला. महिन्याचा नफा तेवढाच कमी दिसला असता.

हीच नोंद साठ्यात घेऊन झाली असती, तर चित्र उलटे असते. पुस्तकात ४,००० किलो सळ्या जास्त दिसल्या असत्या, खर्च वाढला नसता, नफाही जवळजवळ तोच राहिला असता. तेव्हा दोष प्रत्यक्ष मोजणीत उघड झाला असता, आणि अनेक कारखान्यांत तो ‘साठ्यातली घट’ म्हणून खर्ची टाकून मिटवला जातो. म्हणजे दुबार बिल कुठे दिसेल हे ते कोणत्या खात्यातून आत शिरले यावर ठरते. नुसता साठा किंवा नुसता नफा तपासून समाधान मानू नये, याचे कारण हे आहे. दोन्ही प्रकारांत सारखाच फुगणारा आकडा एकच असतो, तो पुरवठादाराच्या देण्याचा.

नोंद सुधारायची कशी

चूक सापडल्यावर पहिला मोह ती नोंद पुसून टाकण्याचा होतो. तो आवरावा. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे, त्यामुळे पुसलेलेही दिसतेच. आणि हेतू स्वच्छ असताना पुसलेली नोंद नंतर लेखापरीक्षकाला उगाच संशयास्पद वाटते. उलट नोंद घालणे हाच सरळ मार्ग. ऑक्टोबरमध्येच, ज्या खात्यांतून चूक शिरली त्याच खात्यांतून ती बाहेर काढायची:

पुरवठादाराचे खाते नावे २,८३,२०० रुपये.
उत्पादन साहित्य खर्च खाते जमा २,४०,००० रुपये.
केंद्रीय जीएसटी इनपुट खाते जमा २१,६०० रुपये.
राज्य जीएसटी इनपुट खाते जमा २१,६०० रुपये.

खाली खुलासा लिहायचा: ‘बिल SE/25-26/1047 दिनांक १४ ऑक्टोबर, दुबार नोंद उलटवली. मूळ नोंद जीआरएनसह कायम.’ दोन्ही नोंदींचे व्हाउचर क्रमांक सोबत द्यायचे. या खरेदीवर टीडीएस कापला गेला असेल, तर दुबार नोंदीवरची कपातही परत फिरवावी लागते. मालाच्या खरेदीवरच्या ०.१ टक्के दराने ती इथे २४० रुपये होते. रक्कम लहान आहे, पण ती राहून गेली तर सरकारी भरणा आणि पुस्तक यांचा मेळ बसत नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, पुरवठादाराकडे क्रेडिट नोट मागणे. त्याने एकच बिल केले आहे आणि त्याच्या पुस्तकात काहीही चुकलेले नाही. क्रेडिट नोट दिली, तर त्याच्या खऱ्या विक्रीचा कर कमी होईल आणि चूक दोन दप्तरांत पसरेल. दुसरी, आपण डेबिट नोट काढून तिच्यावर कर दाखवणे. माल परत गेलेला नाही, भाव बदललेला नाही, मग अशा कागदाला आधार काय? ही चूक पूर्णपणे आपल्या घरातली आहे आणि घरातच उलट नोंदीने संपते.

आमच्या गोष्टीतला लेखापाल ही उलट नोंद तयार करून ठेवतो, मंजूर करत नाही. सकाळी लेखा प्रमुख कागद पाहून मंजुरी देतात. नोंद करणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा हा नियम मध्यरात्रीच्या घाईतही मोडू नये. देणे कमी करणारी नोंद एकट्या माणसाच्या हाती असणे चांगले नाही, तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी.

पैसे गेले असते तर

या पुरवठादाराची मुदत तीस दिवसांची आहे. पहिल्या नोंदीचे पैसे १३ नोव्हेंबरला आणि दुसरीचे १६ नोव्हेंबरला गेले असते. तारखा वेगळ्या असल्यामुळे दोन्ही रकमा बँकेच्या एकाच यादीत शेजारीशेजारी आल्या नसत्या, आणि सही करणाऱ्याच्या डोळ्यांना खटकलेही नसते. पैसे गेल्यानंतर चूक सापडली, तर बिलाची नोंद उलटवूनही पुरवठादाराच्या खात्यात आपले येणे उभे राहते. ते पुढच्या बिलातून वळते करावे आणि तसे पत्र त्याच्याकडून लेखी घ्यावे. नियमित पुरवठादार असेल तर ही वसुली सोपी असते. एकदाच खरेदी केलेल्या पुरवठादाराकडून पैसे परत मिळवणे अवघड जाते. म्हणून पैसे जाण्याआधीची तपासणी आणि नंतरची तपासणी यांची किंमत कधीच सारखी नसते.

कोणती तपासणी काय पकडते

आता वापरातल्या मुख्य तपासण्या एकत्र ठेवून पाहू.

पहिली म्हणजे संगणक प्रणालीची दुबार क्रमांकाची सूचना. मोठ्या प्रणालींत पुरवठादार, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम यांची तुलना करून सूचना देण्याची सोय असते. ती नोंद करतानाच चूक अडवते, हा तिचा मोठा फायदा. पण क्रमांक अर्धा लिहिला किंवा तारीख बदलली की ती गप्प बसते, आणि आमच्या उदाहरणात नेमके तेच घडले. तिरक्या आणि आडव्या रेघा काढून क्रमांक सारखे करून घेतले तर थोडी मदत होते:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(C2),"/",""),"-","")
```

यामुळे SE-1047 आणि se/1047 एक होतात. पण SE/25-26/1047 आणि 1047 तरीही वेगळेच राहतात. क्रमांक कसा लिहायचा याची शिस्त नसेल, तर सूत्र ती निर्माण करू शकत नाही.

दुसरी तपासणी ई-इन्व्हॉइसची. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून जास्त उलाढालीच्या व्यवसायांना ठरावीक बिलांसाठी सरकारी पोर्टलवरून चौसष्ट अक्षरांचा आयआरएन घ्यावा लागतो. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून तो तयार होतो, म्हणून एका बिलाला एकच आयआरएन मिळतो. बिलावरचा क्यूआर कोड वाचून नोंद केली, तर हाताने क्रमांक लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. ही आज उपलब्ध असलेली सर्वांत खात्रीची खूण आहे. पण आमच्या सळ्यावाल्यासारखा लहान पुरवठादार या मर्यादेखाली असेल, तर त्याच्या बिलावर ती नसते.

तिसरी तपासणी जीएसटीआर-२बी या विवरणाशी मेळ घालण्याची. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात दाखवलेली बिले त्यात येतात, आणि तिथे एक बिल एकदाच येते. आमच्या प्रकरणात ४३,२०० रुपयांचे जास्तीचे इनपुट क्रेडिट त्यातून नक्की बाहेर पडले असते. पण ऑक्टोबरचे २बी १४ नोव्हेंबरला तयार होते. ३१ ऑक्टोबरच्या रात्री ते हाती नसते, आणि तोवर महिन्याचा नफा-तोटा मालकांच्या टेबलावर पोहोचलेला असतो. शिवाय तिमाही विवरणपत्र भरणाऱ्या लहान पुरवठादाराचे खरे बिलही त्या महिन्याच्या २बीत नसू शकते. त्यामुळे ‘२बीत नाही म्हणजे बिल खोटे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. २बी हे कराचे कुंपण आहे आणि त्या कामाला ते चांगले आहे. ते न पाहता जास्तीचे क्रेडिट घेऊन वापरले, तर ते परत करावेच लागते आणि वर्षाला १८ टक्के दराने व्याजही लागते. ४३,२०० रुपयांवर ते महिन्याला सुमारे ६४८ रुपये होते.

चौथी तपासणी पुरवठादाराच्या खातेउताराशी मेळ घालण्याची, जिने आमच्या लेखापालाला वाट दाखवली. ही महिनाअखेरच्या रात्रीही करता येते आणि बिल कोणत्या खात्यातून शिरले याच्याशी तिला देणेघेणे नसते. तिची अट एकच. पत्रके वेळेवर हातात हवीत. लहान पुरवठादार ती स्वतःहून पाठवत नाहीत, मागावी लागतात. आणि एकाच पुरवठादाराची आपल्याकडे दोन खाती असतील, तर ती आधी एकत्र करून मगच तुलना करावी.

पाचवी तपासणी तिहेरी मेळाची, म्हणजे खरेदी आदेश, जीआरएन आणि बिल या तिघांची जुळणी. यात प्रत्येक जीआरएनला एकच बिल जोडता येते. बिल जोडले की ती पावती संपली. दुसरी प्रत घेऊन कुणी आले, तर तिला जोडायला पावतीच शिल्लक नसते. बिल क्रमांक कसाही लिहिलेला असो, तारीख कोणतीही असो, ही तपासणी फसत नाही, कारण ती फाटकातून आलेल्या मालावर उभी आहे. पाचोलीच्या रेघेचे आणि ‘नोंद झाली’ शिक्क्याचे काम आज खऱ्या अर्थाने हीच करते. ती फसते ती एकाच ठिकाणी. जीआरएनशिवाय थेट खर्चात बिल चढवण्याची वाट उघडी ठेवली की तिला वळसा घालता येतो. आमच्या कारखान्यात तिहेरी मेळ होता. दुसरे बिल शिरले ते या आडवाटेने.

ही आडवाट पूर्ण बंद करता येत नाही, हेही खरे. वीज, भाडे, सल्लागाराचे शुल्क, सुरक्षा एजन्सी यांच्या बिलांना माल नसतो, म्हणून जीआरएनही नसते. अशा सेवांसाठी कालावधी ही खूण धरावी. कोणत्या महिन्याचे भाडे, कोणत्या फेरीची वाहतूक, कोणत्या कालावधीची सुरक्षा हे नोंदीतच लिहिणे सक्तीचे करावे, आणि एका पुरवठादाराला एका कालावधीसाठी दुसरी नोंद आली की ती अडवावी. माल पुरवणाऱ्या पुरवठादाराचे बिल मात्र थेट खर्चात टाकण्याची परवानगीच प्रणालीत नसावी.

निष्कर्ष

या सगळ्याचा निकाल स्पष्ट आहे. दुबार बिल शोधण्यासाठी बिल क्रमांकावर भिस्त ठेवणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमकुवत पद्धत आहे, कारण क्रमांक माणूस लिहितो आणि माणूस तो दोन प्रकारे लिहू शकतो. मालाची आवकपावती किंवा सेवेचा कालावधी यांना बांधलेली नोंदच दुबारी अडवते. त्यानंतर उरलेल्या चुकांसाठी पुरवठादाराचा खातेउतारा हीच महिनाअखेरच्या रात्री हाताशी असणारी तपासणी आहे, आणि २बी ही पंधरा दिवसांनी येणारी तिची साक्ष.

कारखान्याच्या मालकांना आणि लेखा प्रमुखांना म्हणून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मोठ्या पुरवठादारांची पत्रके दर महिन्याच्या २८ तारखेपर्यंत मागवून ठेवा. माल पुरवणाऱ्यांची बिले जीआरएनशिवाय चढणार नाहीत अशी प्रणाली लावून घ्या. आणि रात्रपाळीच्या लेखापालाला फाटकाची वही व स्टोअरचा माणूस या दोन्हींपर्यंत पोहोचण्याची मुभा द्या, कारण ट्रक आला होता की नुसते पाकीट आले होते, याचे उत्तर त्याला तिथूनच मिळणार आहे.